साप्ताहिक वेळ थांबवण्याचे आणि शेवटच्या सत्राचे पत्र : मसुद्यावर मते हवी आहेत

संवादिका
मी खासगी समुपदेशन करते. एका क्लायंटला पाठवायच्या छोट्या पत्राचा मसुदा इथे ठेवत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण प्रश्न तोच आहे.

या बाई वर्षाहून अधिक काळ दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता येत आहेत. रात्री अचानक छाती धडधडणे आणि त्यानंतर पहाटेपर्यंत झोप न लागणे, ही सुरुवातीची तक्रार होती, आणि ती आता बरीच ओसरली आहे. मागच्या सत्रात त्या म्हणाल्या की आता दर आठवड्याला बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्यावर आम्ही सविस्तर बोललो आणि या महिन्याअखेर काम थांबवावे असे दोघींच्या संमतीने ठरले, मात्र तारीख ठरली नाही. त्यानंतरची दोन्ही सत्रे त्यांनी त्या त्या दिवशी सकाळी रद्द केली. बुधवारच्या या वेळेसाठी दुसरी एक व्यक्ती प्रतीक्षायादीत आहे. त्यामुळे वेळ मोकळी करणे आणि शेवटचे सत्र ठरवणे, ही दोन्ही कामे मला लेखी करायची आहेत. मसुदा असा :

«नमस्कार. आपण बोललो त्याप्रमाणे तुमची बुधवारची वेळ या महिन्यापासून बंद करत आहे. शेवटच्या सत्रासाठी तुम्हाला सोयीची असेल ती वेळ कळवा. गेल्या वर्षभरात, विशेषतः वडिलांच्या जाण्याबद्दल, तुम्ही ज्या धैर्याने बोललात त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. पुढे कधीही गरज वाटली तर मी आहेच.»

पत्र कोरडे वाटू नये याची मी काळजी घेतली आहे, तरीही पाठवताना हात थांबतो आहे.

करारनामा
माझे काम करार वाचण्याचे आहे, म्हणून त्याच बाजूने सांगतो. पत्रात तारीख नाही आणि उत्तर आले नाही तर काय होईल तेही लिहिलेले नाही, त्यामुळे ते कोणालाच बांधत नाही. एक ओळ घाला : अमुक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर समुपदेशन संपले असे समजण्यात येईल. वेळ मोकळी होईल आणि पुढे वादही राहणार नाही.

निळी_छत्री
मी समुपदेशक नाही, पण काही वर्षांपूर्वी मी त्या दुसऱ्या खुर्चीत बसत होते. माझ्या समुपदेशकांनी पत्र पाठवण्यापूर्वी कॅलेंडरमधली दर आठवड्याची नोंद काढून टाकली. त्यामुळे मला पहिल्यांदा काय मिळाले, तर ऑफिसच्या बैठकीत बसलेले असताना फोनवर आलेली «कार्यक्रम रद्द» ही सूचना. पत्र संध्याकाळी आले आणि ते प्रेमाने लिहिलेले होते, पण मधल्या काही तासांत मी स्वतःला जे सांगून बसले होते ते पत्राने पुसले गेले नाही. मी शेवटच्या सत्राला गेले नाही. आज वाटते की जायला हवे होते. तुमच्या मसुद्यातले «बंद करत आहे» हे शब्द वाचून मला ती सूचनाच आठवली.

आरोग्यदीप
कोणताही उपचार असा एकदम थांबवू नये. विशेषतः झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्या लागतात, अन्यथा त्रास उलटतो. तुम्ही त्यांना आधी डोस कमी करण्याचे वेळापत्रक द्यावे.

संवादिका
आरोग्यदीप, आपला सल्ला औषधांबद्दल योग्यच आहे, पण मी औषधे देत नाही. त्या मनोविकारतज्ज्ञांकडे स्वतंत्रपणे जातात आणि ते चालूच राहणार आहे. तरीही तुमच्या प्रतिसादामुळे एक गोष्ट लक्षात आली. माझ्याकडचे काम थांबले म्हणजे तिकडचेही थांबले, असा त्यांचा समज होऊ नये, यासाठी पत्रात एक वाक्य हवे.

निळी_छत्री, हे लिहिल्याबद्दल आभार. ती नोंद मी अजून काढलेली नाही आणि आता पत्र पोहोचून उत्तर येईपर्यंत काढणार नाही.

उत्तररंग
मी बरीच वर्षे या कामात आहे आणि नव्या समुपदेशकांचे पर्यवेक्षणही करतो. मसुद्यात माया आहे, ती जाऊ देऊ नका. अडचण अशी आहे की पहिल्याच वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. बुधवारची राखीव वेळ संपणे ही एक गोष्ट, समुपदेशनाचे काम संपणे ही दुसरी आणि शेवटची भेट कधी ही तिसरी. वेळ संपूनही काम चालू राहू शकते, कारण अनेकजण साप्ताहिक वेळ सोडून महिन्यातून एकदा येतात. तुमच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडत आहेत. पण सलग दोन सत्रे रद्द केलेल्या माणसाच्या मनात आधीच थोडी अपराधी भावना असते आणि «वेळ बंद करत आहे» हे तो शिक्षा म्हणून वाचतो. म्हणून आधी दोघींनी मिळून काय ठरवले ते लिहा, मग शेवटच्या सत्राची तारीख आणि वेळ, आणि त्यानंतर, त्या तारखेचा परिणाम म्हणून, बुधवारची वेळ तुमच्यासाठी राखीव राहणार नाही हे लिहा. क्रम बदलला की अर्थ बदलतो.

आता «सोयीची असेल ती वेळ कळवा» याबद्दल. ऐकायला हे उदार वाटते, पण माझ्या अनुभवात अशी मोकळी सोडलेली शेवटची सत्रे बहुधा होतच नाहीत. निरोप टाळावासा वाटणाऱ्या माणसाला आपणच निरोपाची तारीख ठरवायला सांगतो, म्हणजे सर्वांत अवघड पाऊल त्याच्यावर ढकलतो. तारीख तुम्ही द्या, तीही त्यांच्या नेहमीच्याच वेळेला आणि नेहमीच्याच खोलीत, आणि ती न जमल्यास दुसरी एक. पर्याय दोनच ठेवा.

इतके मोठे काम संपवताना मी एका सत्रावर भागवत नाही. एक सत्र थांबण्याविषयी बोलायला आणि एक प्रत्यक्ष थांबायला, असे किमान दोन ठेवतो. शेवट जवळ आला की जुनी लक्षणे काही दिवस पुन्हा डोके वर काढतात. छातीची धडधड परत आली तर त्या घाबरतील आणि म्हणतील की काहीच बरे झाले नव्हते. त्यावर बोलायला मधला एक बुधवार हाताशी हवा.

नवशिकी
मी अजून प्रशिक्षणात आहे. मला मसुद्यातले कौतुकाचे वाक्य सर्वांत चांगले वाटले होते. ते ठेवायचे की काढायचे?

उत्तररंग
काढायचे, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले साधे आहे. वडिलांचा उल्लेख असलेला मजकूर फोनच्या पडद्यावर उघडा दिसतो आणि तो फोन घरात कोणाच्या हाती असेल हे आपल्याला माहीत नसते. पत्राच्या विषयाच्या जागीही «समुपदेशन समाप्ती» असे लिहू नका, «बुधवारच्या वेळेबाबत» एवढे पुरे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. वर्षभरात काय झाले, काय बदलले, काय राहून गेले, हे त्या आणि संवादिका यांनी समोरासमोर बसून शोधायचे आहे. समारोपाचे शब्द पत्रातच येऊन गेले तर त्यांना वाटेल की निरोप झालाच, आता जाण्याची गरज काय. पत्राने त्यांना खोलीपर्यंत आणावे, खोलीतले काम पत्राने करू नये.

संवादिका, एक विचारतो. «वडिलांच्या जाण्याबद्दल» म्हणजे मृत्यू का?

संवादिका
नाही. त्या लहान असताना वडील कोणालाही न सांगता घर सोडून गेले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचा पत्ता लागला नाही. रात्रीच्या धडधडीचा धागा आम्हाला बऱ्याच उशिरा तिथे सापडला.

उत्तररंग
मग करारनामा यांनी सुचवलेली ओळ या बाईंसाठी अजिबात चालणार नाही. त्यांचे अर्धे म्हणणे मात्र बरोबर आहे. उत्तर आले नाही तर काय होईल हे पत्रात असलेच पाहिजे, नाहीतर दोन्ही बाजूंनी नुसती वाट पाहणे होते. फक्त त्या मौनाचा परिणाम «संपले असे समजण्यात येईल» हा नसावा. ज्या मुलीचा बाप न सांगता गेला, तिच्या आयुष्यात पुन्हा एकदा न बोलता संपलेले नाते आपण आपल्या हाताने लिहून देऊ. मौनाचा परिणाम उलटा ठेवा : तुमचे उत्तर आले नाही तरी त्या दिवशी सहा वाजता मी असेन आणि तो तास तुमचाच असेल.

आणि ती दोन रद्द केलेली सत्रे मला केवळ गैरसोय म्हणून दिसत नाहीत. सोडून जाण्याची वेळ आली तेव्हा त्या आधीच निघून जाऊन पाहत असाव्यात. हा माझा तर्क आहे, तो पत्रात लिहू नका. सत्रात त्या स्वतः तिथे पोहोचल्या तर पोहोचतील.

करारनामा
मान्य आहे, त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल मला काही माहीत नव्हते. पण व्यवहाराचा प्रश्न तसाच राहतो. त्या आल्याच नाहीत तर फाईल किती दिवस उघडी ठेवणार? आणि त्या रिकाम्या तासाची फी कोण देणार?

उत्तररंग
फाईल उघडी ठेवायची नाही. त्या आल्या नाहीत तर त्याच आठवड्यात एक छोटे, शांत पत्र जाते : तुमची वाट पाहिली, या तारखेला मी आपले काम पूर्ण झाले अशी नोंद करत आहे, बोलावेसे वाटल्यास या मार्गाने संपर्क करता येईल, आणि दुसऱ्या कोणाकडे जावेसे वाटल्यास ही दोन नावे. त्यानंतर मी पाठपुरावा करत नाही, कारण वारंवार बोलावणे हाही एक दबाव असतो. हे पत्र आणि आधीचे पत्र अशा दोन्हींची प्रत नोंदीत ठेवायची. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतही काम थांबवण्यापूर्वी त्याबद्दल क्लायंटशी बोलावे आणि गरजेप्रमाणे दुसरे पर्याय सुचवावेत अशी अपेक्षा आहे, मात्र क्लायंटच्याच वागण्यामुळे ते शक्य झाले नाही तर तेवढी सूटही आहे. म्हणजे प्रयत्न आपण करायचा आणि तो केल्याची नोंद ठेवायची.

फीबद्दल माझे मत असे की सुरुवातीच्या करारात जे ठरले तेच शेवटपर्यंत लागू ठेवावे. शेवटचे सत्र फुकट देणे मला पटत नाही. त्याने अखेरच्या दिवशी नात्याचे स्वरूपच बदलते आणि क्लायंटवर उपकाराचे ओझे राहते.

निळी_छत्री
इथे मी सहमत नाही. न गेलेल्या शेवटच्या सत्राची फी माझ्याकडून घेतली गेली आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पण त्या व्यक्तीशी माझा झालेला शेवटचा व्यवहार म्हणजे ते बिल. इतक्या महिन्यांच्या ओळखीचा शेवट त्या कागदाने व्हायला नको होता.

उत्तररंग
हे मी नाकारू शकत नाही. मी माझ्या पद्धतीवर कायम आहे, पण तुम्ही म्हणता ती इजा खरी आहे. निदान बिल आणि समारोपाचे पत्र एकाच दिवशी जाऊ नये एवढे तरी पाळता येईल.

नवशिकी
त्यांनी ऐन वेळी तारीख पुढे ढकलायला सांगितली तर? आमच्या वर्गात सांगितले होते की शेवटची तारीख कधीच बदलायची नसते, फ्रॉइडने तसे लिहून ठेवले आहे.

उत्तररंग
तुम्ही म्हणता ते फ्रॉइडच्या १९३७ च्या निबंधात आहे. १९१४ मध्ये संपलेल्या एका प्रसिद्ध उपचारात, ज्या रुग्णाला पुढे «लांडगा-माणूस» म्हणून जग ओळखू लागले त्याच्या बाबतीत, त्याने शेवटाची तारीख आधीच जाहीर केली आणि अडलेले काम वेगाने पुढे सरकले. मुदत एकदा ठरवली की ती वाढवता येत नाही, वाढवली तर रुग्णाचा विश्वास उरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पण त्याच निबंधात तो हेही मान्य करतो की त्या रुग्णाला नंतर पुन्हा उपचारांची गरज पडली. शिवाय ती मुदत डॉक्टरने एकतर्फी लादलेली होती आणि इथे दोघींनी मिळून ठरवले आहे. ताप आला म्हणून आठवडा पुढे जाणे वेगळे आणि दर वेळी नवे कारण निघून शेवट पुढे पुढे सरकणे वेगळे. मी एकदा बदल देतो. दुसऱ्यांदा मागितला तर बदल देण्याआधी त्यावरच बोलतो.

एक मर्यादाही सांगून ठेवतो, कारण हा धागा इतर समुपदेशकही वाचतील. अलीकडच्या सत्रांत जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला गेला असेल, किंवा ज्या व्यक्तीने सत्रे रद्द केली ती घरात एकटी पडली आहे असे जाणवत असेल, तर असे पत्र पाठवायचेच नाही. आधी फोन करायचा, परिस्थिती समजून घ्यायची आणि गरज भासल्यास तातडीची मदत उभी करायची. वेळ मोकळी करण्याचा विषय तोवर बाजूला राहतो, प्रतीक्षायादीत कोणीही असले तरी.

संवादिका
तसे काही इथे नाही. मी त्या दृष्टीने शेवटच्या तीन सत्रांच्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि सत्र रद्द करताना फोनवर झालेले बोलणेही आठवून पाहिले.

«मी आहेच» या वाक्याबद्दल कोणी काही म्हटले नाही, पण वरची चर्चा वाचल्यावर ते मीच काढले आहे. पुढच्या महिन्यापासून ती वेळ दुसऱ्या व्यक्तीची होणार आहे आणि त्यांनी फोन केला तर मला त्यांना काही आठवडे थांबायला सांगावे लागेल. जे पाळता येणार नाही ते या बाईंना तरी लिहून द्यायचे नाही. नवा मसुदा :

«नमस्कार.

मागच्या भेटीत आपण दोघींनी ठरवले होते की या महिन्याअखेर आपले काम थांबवायचे. तारीख ठरायची राहिली होती, म्हणून लिहीत आहे.

बुधवार २६ तारखेला संध्याकाळी सहा वाजता, नेहमीच्याच ठिकाणी, आपले शेवटचे सत्र ठेवावे असे मी सुचवते. ते नेहमीइतकेच, म्हणजे ५० मिनिटांचे असेल. ती वेळ जमत नसेल तर शुक्रवार २८ तारखेला सकाळी दहा वाजता भेटता येईल. त्याआधीचा बुधवार १९ तारीख नेहमीप्रमाणे तुमचाच आहे आणि थांबण्याविषयी काही बोलायचे असल्यास ती वेळ उपयोगी पडेल.

२६ तारखेनंतर बुधवारची सहाची वेळ तुमच्यासाठी राखीव राहणार नाही. मधली दोन सत्रे झाली नाहीत याच्याशी त्याचा संबंध नाही. आपले काम थांबत आहे, म्हणून वेळही थांबत आहे. मनोविकारतज्ज्ञांकडचे तुमचे उपचार वेगळे आहेत आणि ते त्यांच्या सल्ल्याने चालू राहतील.

शक्य झाल्यास सोमवार १७ तारखेपर्यंत कळवा. तुमचे उत्तर आले नाही, तरी १९ आणि २६ या दोन्ही दिवशी सहा वाजता मी तिथे असेन. फी आणि सत्र रद्द करण्याचे नियम सुरुवातीला ठरले तसेच आहेत.

पुढे कधी पुन्हा सुरू करावेसे वाटले तर मला लिहू शकता. तेव्हा माझ्याकडे वेळ असेल तर नवी वेळ ठरवू, नसेल तर दुसऱ्या समुपदेशकांची नावे देईन. याबद्दल भेटीतही बोलू.»

करारनामा
आता यात सर्व काही आहे आणि कुठेही ताठरपणा नाही. «मधली दोन सत्रे» हे वाक्य मी असतो तर गाळले असते, कारण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिल्यासारखे वाटते.

निळी_छत्री
माझ्यासाठी तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे ठरले असते.

उत्तररंग
मीही ते ठेवेन. कॅलेंडरमध्ये पूर्ण मालिका पुसू नका, २६ तारीख ही मालिकेची शेवटची तारीख म्हणून नोंदवा, म्हणजे मागच्या भेटींची नोंद जात नाही. मात्र अशा बदलाचीही सूचना समोरच्याला जाऊ शकते, म्हणून तो पत्रानंतरच करा. फी दरमहा आपोआप वळती होत असेल तर तेही त्याच दिवशी थांबवा. काम संपल्यावर पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेले तर चांगल्या शेवटावर डाग पडतो.

संवादिका
काल पत्र पाठवले आणि आज सकाळी उत्तर आले. १९ तारखेबद्दल त्यांनी काहीच लिहिलेले नाही. २६ चालेल असे म्हणतात, पण ते सत्र फोनवर घेता येईल का असे विचारतात. वर्षभरात त्यांनी एकदाही फोनवर सत्र मागितलेले नाही.

नवशिकी
हो म्हणावे असे मला वाटते. निदान त्या येत आहेत. नकार दिला तर तेही हातचे जाईल.

उत्तररंग
मी लगेच हो किंवा नाही म्हटले नसते. फोनवर निरोप घेणे सोपे असते आणि कदाचित म्हणूनच ते हवे आहे. पण न येण्यापेक्षा फोन बरा, हेही खरे. आजचे उत्तर एवढेच द्यावे की २६ तारखेचे सहा पक्के आहेत आणि कसे भेटायचे ते १९ तारखेला ठरवू. १९ ला त्या आल्या तर प्रश्न खोलीतच सुटेल.

निळी_छत्री
आणि आल्या नाहीत तर फोनला हो म्हणा.

संवादिका
१९ पर्यंत थांबते. उत्तररंग यांनी सुचवलेले उत्तर आत्ताच पाठवले आहे, त्यात «येता आले नाही तर फोनही चालेल» हे वाक्य मी अजून घातलेले नाही. ते कधी सांगायचे याबद्दल या आठवड्यात माझ्या पर्यवेक्षकांशी बोलणार आहे.